सिस्टिम कधी थांबवावी: इक्विटी कर्व्हवर मूव्हिंग ॲव्हरेज लावण्याची रीत

ठरलेल्या नियमांनी वायदेबाजारात सौदे करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा काळ येतो, की सिग्नलमागून सिग्नल येतात, प्रत्येक सौदा नियमाप्रमाणेच केला जातो आणि तरीही स्टॉप लॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून सौदा बंद करण्याचे आधीच ठरवलेले भाव, लागत राहतात. अशा वेळी सिस्टिम चालू ठेवावी की काही काळ बाजूला बसावे, हा निर्णय मनाच्या कलावर सोडला तर तो बहुधा चुकीच्या दिवशी घेतला जातो. यावर एक उपाय असा सुचवला जातो की, सिस्टिमच्या निकालांची चालू बेरीज, म्हणजे इक्विटी कर्व्ह, मांडावी, तिच्यावर तिचीच मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे शेवटच्या काही आकड्यांची सरकती सरासरी, काढावी आणि कर्व्ह त्या सरासरीखाली गेली की नवे सौदे थांबवून ती पुन्हा वर आली की सुरू करावे. उपाय ऐकायला सोपा आहे. तो मांडायचा कसा, कुठे चुकतो आणि आपल्या सिस्टिमला तो लागू आहे की नाही हे कसे ओळखायचे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

उदाहरणासाठी हळदीचा वायदा घेतला आहे. लातूर-उदगीरकडच्या वाचकांना सोयाबीन अधिक जवळचे वाटेल. परंतु सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि ती स्थगिती पुढे वारंवार वाढवली गेली. हळदीचे वायदे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारावर चालतात, आणि वसमत, हिंगोली, नांदेड या पट्ट्यातील वाचकांना मोंढ्यातील हळदीचा भाव रोज कानावर पडतो. या वायद्यात भाव क्विंटलमागे बोलला जातो आणि एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा असतो. त्यामुळे भावात क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक पडला की एका लॉटवर ५,००० रुपयांचा फरक पडतो.

पहिली पायरी: निकाल एकाच मापाने लिहिणे

प्रथम सिस्टिमचे नियम कागदावर पक्के असले पाहिजेत. आपण असे धरू की, २० दिवसांतील सर्वोच्च भाव ओलांडला की खरेदी, सर्वांत खालचा भाव तुटला की विक्री आणि ठरलेल्या अंतरावर स्टॉप लॉस, अशी ही साधी ब्रेकआउट सिस्टिम आहे. तिचा प्रत्येक सौदा एका लॉटचा धरून, दलाली, इतर खर्च आणि ठरलेल्यापेक्षा वाईट भाव मिळण्याचा फरक वजा करून निव्वळ निकाल लिहावा.

येथे दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे खात्यातील शिलकेलाच इक्विटी कर्व्ह समजणे. पेरणीसाठी किंवा दिवाळीला खात्यातून पैसे काढले तर शिल्लक खाली येते, पण सिस्टिमचा त्यात काही दोष नसतो. तसेच मध्येच पैसे भरले तर शिल्लक वाढते आणि सिस्टिम चांगली चालल्याचा भास होतो. दुसरी म्हणजे मधूनच लॉटची संख्या बदलणे. दोन लॉटचा एक तोटा हा एक-एक लॉटच्या दोन तोट्यांइतका दिसतो आणि सरासरी विनाकारण हलते.

भाव फार बदलले असतील तर एक लॉटसुद्धा समान माप राहत नाही. २०२३ मध्ये एप्रिल ते ऑगस्ट या काळात हळदीचे वायद्यातील भाव दुपटीच्या वर गेले. क्विंटलला ७,००० रुपये भाव असताना एक लॉट साडेतीन लाखांचा होतो आणि १५,००० असताना साडेसात लाखांचा. म्हणून टक्केवारीने तेवढाच असलेला तोटा रुपयांत दुपटीहून मोठा दिसतो. अनेक वर्षांचे निकाल एकत्र मांडायचे असतील, तर प्रत्येक सौद्याचा निकाल त्या सौद्यात स्टॉप लॉसपर्यंत पत्करलेल्या रकमेने भागून लिहावा. ५,००० रुपयांचा धोका घेऊन १०,००० रुपये मिळाले तर निकाल २, आणि स्टॉप लॉस लागला तर उणे १. खालील उदाहरण थोड्याच सौद्यांचे असल्यामुळे ते समजायला सोपे जावे म्हणून हजार रुपयांत दिले आहे.

दुसरी पायरी: दोन वह्या

या संपूर्ण पद्धतीचा कणा म्हणजे दोन स्वतंत्र वह्या. एक कागदी वही, जिच्यात सिस्टिमचा प्रत्येक सिग्नल, मग तो सौदा आपण प्रत्यक्ष केलेला असो वा नसो, निकालासह लिहिला जातो. दुसरी खरी वही, जिच्यात फक्त पैसे लावून केलेले सौदे येतात. मूव्हिंग ॲव्हरेज काढायची ती नेहमी कागदी वहीवर.

कारण सरळ आहे. खऱ्या वहीवर सरासरी लावली आणि कर्व्ह सरासरीखाली गेल्यावर सौदे थांबवले, की त्या दिवसापासून खऱ्या वहीत नवा निकाल पडतच नाही. कर्व्ह एकाच पातळीवर आडवी राहते, सरासरी हळूहळू खाली येऊन तिच्याच पातळीला टेकते आणि कर्व्ह सरासरीच्या वर जाण्याचा प्रसंग पुन्हा येत नाही. सिस्टिम कायमची बंद पडते. सिस्टिम सावरली की नाही हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे बंद काळातील सिग्नलांचे निकाल, आणि ते फक्त कागदी वहीत असतात.

कागदी वही प्रामाणिक ठेवणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे. सौदा केलेला नसल्यामुळे भाव कोणता धरायचा याची मोकळीक मिळते आणि नकळत चांगला भाव धरला जातो. हळदीत दूरच्या महिन्याच्या करारात उलाढाल कमी असते, आणि भाव दिवसाच्या मर्यादेला जाऊन थांबला तर त्या दिवशी सौदा होणेच कठीण असते. म्हणून नियम आधीच लिहून ठेवावा: सिग्नलनंतरच्या दिवसाचा सुरुवातीचा भाव, त्यात आपल्या विरुद्ध दिशेने ठरावीक फरक, आणि मर्यादेला अडकलेल्या दिवशी सौदा झाला नाही असे धरणे. ही शिस्त नसेल तर कागदी कर्व्ह खऱ्यापेक्षा लवकर वर येते आणि आपल्याला वेळेआधी बाजारात ओढते.

तिसरी पायरी: शीट मांडणे

वही हाताने ठेवली तरी चालते, पण स्प्रेडशीटमध्ये चूक लवकर सापडते. पहिल्या ओळीत शीर्षके आणि दुसऱ्या ओळीपासून सौदे, असे धरून स्तंभ असे ठेवावेत: A मध्ये क्रमांक, B मध्ये सौदा संपल्याची तारीख, C मध्ये निव्वळ निकाल, D मध्ये कागदी बेरीज, E मध्ये सरासरी, F मध्ये हा सौदा पैसे लावून करायचा की नाही, आणि G मध्ये खऱ्या वहीचा निकाल. सरासरी ५ सौद्यांची धरली तर सूत्रे अशी होतात:

```
D2:  =C2
D3:  =D2+C3
E6:  =AVERAGE(D2:D6)
F7:  =IF(D6>E6,1,0)
G7:  =C7*F7
```

ही सूत्रे खालपर्यंत ओढावीत. पहिल्या ५ सौद्यांसाठी सरासरी उपलब्ध नसते, म्हणून F2 ते F6 मध्ये १ लिहावा आणि G चे सूत्र दुसऱ्या ओळीपासूनच ओढावे. सातव्या ओळीतील निर्णय सहाव्या ओळीच्या आकड्यांवरून घेतला आहे, हे नीट पाहून घ्यावे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता एक नमुना पाहू. हे आकडे पद्धत समजावण्यासाठी रचलेले आहेत आणि हजार रुपयांत, एका लॉटमागे आहेत.

| सौदा | निकाल | कागदी बेरीज | ५ ची सरासरी | पुढचा सौदा |
|---|---|---|---|---|
| १ | +८ | ८ | | करावा |
| २ | −४ | ४ | | करावा |
| ३ | +१० | १४ | | करावा |
| ४ | +६ | २० | | करावा |
| ५ | +९ | २९ | १५.० | करावा |
| ६ | −४ | २५ | १८.४ | करावा |
| ७ | −५ | २० | २१.६ | थांबावे |
| ८ | −४ | १६ | २२.० | थांबावे |
| ९ | −५ | ११ | २०.२ | थांबावे |
| १० | −४ | ७ | १५.८ | थांबावे |
| ११ | −५ | २ | ११.२ | थांबावे |
| १२ | +८ | १० | ९.२ | करावा |
| १३ | +९ | १९ | ९.८ | करावा |
| १४ | −४ | १५ | १०.६ | करावा |
| १५ | +११ | २६ | १४.४ | करावा |
| १६ | +६ | ३२ | २०.४ | करावा |

सातव्या सौद्यानंतर बेरीज २० आणि सरासरी २१.६ झाली, म्हणून आठवा सौदा केवळ कागदावर लिहिला गेला. बाराव्या सौद्याने कागदी बेरीज सरासरीच्या वर आणली, तेव्हा तेरावा सौदा पैसे लावून झाला. मधले पाच सौदे, म्हणजे ८ ते १२, सुटले. त्यांची बेरीज उणे १० आहे. त्यामुळे सगळे सौदे करणाऱ्याला ३२ हजार मिळाले असते, तर चाळणी, म्हणजे हा थांबण्या-सुरू करण्याचा नियम, लावणाऱ्याला ४२ हजार मिळाले. याहून ठळक फरक घसरणीत आहे. चाळणीशिवाय खाते २९ वरून २ पर्यंत, म्हणजे २७ हजारांनी खाली आले असते. चाळणीमुळे ही घसरण ९ हजारांवर थांबली.

या नमुन्यात पद्धतीची किंमतही दिसते. सलग सहा तोट्यांपैकी पहिले दोन अंगावर आलेच, आणि बाराव्या सौद्याचे ८ हजार हातचे गेले. परत येण्यासाठी कागदावर निदान एक नफा दिसावा लागतो आणि तो नफा आपल्याला कधीच मिळत नाही. हा दोष सूत्र सुधारून जाणारा नाही, तो पद्धतीच्या रचनेतच आहे.

चौथी पायरी: तेच सौदे, वेगळा क्रम

नवख्या वाचकाने बहुतेक वेळा इथेच थांबून पद्धत वापरायला घेतलेली असते. म्हणून पुढचा भाग सर्वांत सावकाश वाचावा, असे मी सांगेन. वरचेच सोळा निकाल, एकही आकडा न बदलता, असे आले असते तर काय झाले असते ते पाहू:

+६, +९, −४, +८, −५, −४, +११, −४, −५, +१०, −५, +९, −४, −४, +८, +६.

बेरीज तीच, ३२. आठ नफे आणि आठ तोटेही तेच. चाळणीशिवाय सर्वांत मोठी घसरण फक्त ९ हजारांची. आता शीट चालवली तर सहाव्या सौद्यानंतर बेरीज १० आणि सरासरी १३.८ होते, म्हणून सातवा सुटतो; तो नेमका ११ हजारांच्या नफ्याचा आहे. नवव्यानंतर बेरीज १२, सरासरी १४.८, म्हणून दहावा सुटतो आणि १० हजार जातात. अकराव्यानंतर बाराव्याचे ९ हजार आणि चौदाव्यानंतर पंधराव्याचे ८ हजार त्याच प्रकारे हातचे जातात. चाळणीने चारच सौदे गाळले आणि ते चारही नफ्याचे निघाले. ३२ हजार मिळवणारी सिस्टिम चाळणी लावल्यावर ६ हजारांच्या तोट्यात संपते, आणि ९ हजारांची घसरण ३१ हजारांची होते.

सिस्टिम तीच, सौदे तेच, चाळणी तीच. फरक फक्त क्रमाचा. म्हणजे ही चाळणी सिस्टिम चांगली की वाईट हे मोजतच नाही. तोट्यामागे तोटा आणि नफ्यामागे नफा येण्याची प्रवृत्ती निकालांत असेल तरच तिला पकडण्यासारखे काही मिळते. निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर गाळलेला प्रत्येक सौदा सरासरीने सिस्टिमच्या नेहमीच्या सौद्याइतकाच चांगला असतो. अशा वेळी तीसपैकी दहा सौदे गाळणे म्हणजे सरासरीने एक तृतीयांश नफा सोडून देणे. आणि एका तोट्यानंतर नफा येण्याचाच कल असेल, तर नुकसान दुसऱ्या नमुन्यासारखे होते.

ब्रेकआउट सिस्टिममध्ये तोटे गटाने येण्याला काही वेळा खरे कारण असते. बाजार आठवडेच्या आठवडे एका पट्ट्यात अडकला की वरची किंवा खालची पातळी तुटते, सौदा होतो आणि भाव परत आत येतो. हे तीन-चार वेळा घडते. मग आवकेचा, पावसाचा किंवा पेऱ्याचा अंदाज बदलून बाजार एका दिशेने निघाला की नफे लागोपाठ येतात. परंतु कारण पटणे आणि ते आपल्या निकालांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, भाव वर-खाली होऊन मध्याकडे परततो यावर आधारलेल्या सिस्टिममध्ये मोठ्या तोट्यानंतरच चांगली संधी येते, असे पुष्कळदा दिसते. तिथे ही चाळणी लावण्याआधी फार विचार करावा.

पाचवी पायरी: आपल्या निकालांची परीक्षा

पहिली परीक्षा कागद-पेन्सिलीची आहे. प्रत्येक तोट्यानंतरचा सौदा पाहावा आणि त्यांपैकी किती पुन्हा तोट्याचे निघाले ते मोजावे. पहिल्या नमुन्यात आठ तोट्यांनंतर पाच वेळा तोटा आणि तीन वेळा नफा आला. दुसऱ्यात तीन वेळा तोटा आणि पाच वेळा नफा. दोन्हींत एकंदर तोट्यांचे प्रमाण निम्मेच आहे. म्हणून पहिल्यात तोटे चिकटून येतात आणि दुसऱ्यात ते विखुरतात, असे म्हणता येते. अर्थात सोळा सौद्यांवर असे काहीही ठरवू नये. शंभराच्या खाली सौदे असतील तर या परीक्षेला मी फारसे वजन देणार नाही.

दुसरी परीक्षा अधिक भक्कम आहे. आपले निकाल पत्ते पिसल्यासारखे पिसायचे, पिसलेल्या क्रमावर तीच चाळणी लावायची आणि हे हजार वेळा करायचे. पिसल्याने एकूण बेरीज बदलत नाही, फक्त क्रम मोडतो. म्हणून खऱ्या क्रमावर चाळणीने मिळालेला निकाल पिसलेल्या क्रमांवरील निकालांपेक्षा स्पष्टपणे चांगला असेल, तरच क्रमात काही तथ्य आहे. पायथनमध्ये हे थोड्या ओळींत होते. पहिल्या ओळीखालील यादीत आपले निकाल भरावेत आणि `n` मध्ये सरासरीची लांबी:

```python
import random
r = [8, -4, 10, 6, 9]   # येथे सर्व निकाल
n = 20

def filtered(r, n):
    curve, total, real = [], 0, 0
    for x in r:
        if len(curve) < n or curve[-1] > sum(curve[-n:]) / n:
            real += x
        total += x
        curve.append(total)
    return real

actual = filtered(r, n)
count = 0
for i in range(1000):
    s = r[:]
    random.shuffle(s)
    if filtered(s, n) >= actual:
        count += 1
print(actual, count)
```

शेवटी छापला जाणारा दुसरा आकडा म्हणजे हजारांपैकी किती पिसलेल्या क्रमांवर चाळणीने खऱ्याइतके किंवा त्याहून अधिक मिळवले. तो ३०० आला तर आपल्या क्रमात विशेष काही नाही आणि चाळणी लावू नये. ५० पेक्षा कमी आला तर पुढे विचार करण्याजोगे आहे. त्यापलीकडे आणखी एक अट मी घालेन: चाळणीने मिळालेली रक्कम चाळणीशिवायच्या रकमेपेक्षा कमी असेल आणि घसरण तेवढीच कमी झाली असेल, तर तोच परिणाम लॉट कमी करून, काहीही न मोजता मिळाला असता. बहुतेक सिस्टिम या परीक्षेत उतरत नाहीत, आणि ते आधीच कळणे हाच या पायरीचा उपयोग आहे.

सहावी पायरी: शीट पुढचे पाहत नाही ना, हे तपासणे

आता F स्तंभाकडे परत येऊ. सातव्या ओळीत `=IF(D6>E6,1,0)` ऐवजी `=IF(D7>E7,1,0)` लिहिले गेले, तर सौद्याचा स्वतःचा निकाल त्याच सौद्याच्या निर्णयात शिरतो. म्हणजे सौदा करायचा की नाही हे तो संपल्यावर ठरते. दुसऱ्या नमुन्यावर ही चूक करून पाहिली तर उणे ६ च्या जागी अधिक ५० येतात, आणि सरळ चालवलेल्या सिस्टिमच्या ३२ पेक्षाही ते जास्त आहेत. एका ओळीची चूक तोट्याच्या पद्धतीला अशी सोन्याची करून दाखवते.

ही गळती ओळखण्याची खूण अशी: चाळणी लावलेली कर्व्ह जवळजवळ न घसरता वर जाते, आणि थांबण्याची सुरुवात ज्या सौद्याने होते तो जवळजवळ नेहमी तोट्याचाच असतो. खात्री करण्यासाठी F मध्ये १ असलेल्या एका मधल्या सौद्याचा C स्तंभातील निकाल मुद्दाम मोठ्या तोट्यात बदलावा. त्याच ओळीतील F बदलला तर शीट पुढचे पाहते आहे; फक्त खालच्या ओळींतील F बदलले तर ठीक आहे.

याचीच एक सूक्ष्म आवृत्ती एकाच वेळी अनेक सौदे उघडे असणाऱ्यांना भेटते. हळदीतील सौदा उघडा असताना जिऱ्यात सिग्नल आला, तर हळदीच्या सौद्याचा निकाल अजून कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून B स्तंभातील संपण्याची तारीख नव्या सौद्याच्या प्रवेशाच्या तारखेआधीची असेल तरच तो निकाल बेरजेत धरावा. असे सौदे वारंवार एकमेकांवर येत असतील, तर सौद्यानुसार कर्व्ह सोडून, दररोजच्या सेटलमेंट भावाने उघड्या सौद्यांसह मोजलेली रोजची कर्व्ह वापरणे अधिक स्वच्छ होते. तिथेही आजच्या आकड्यावरून उद्याचा निर्णय, हाच नियम.

सरासरी किती सौद्यांची

उदाहरणात ५ घेतली ती कागदावर मावावी म्हणून. प्रत्यक्षात ५ ची सरासरी दोन साध्या तोट्यांनीही तुटते आणि चालू-बंदचा खेळ सुरू होतो. फार मोठी सरासरी घेतली तर ती इतक्या उशिरा थांबवते की घसरण बहुतेक होऊन गेलेली असते. वर्षाला तीस सौदे देणाऱ्या सिस्टिममध्ये २० सौद्यांची सरासरी म्हणजे आठ महिन्यांचा काळ, हे ध्यानात घेऊन लांबी ठरवावी.

१० पासून ४० पर्यंत वेगवेगळ्या लांबींवर परीक्षा करून पाहावी. लगतच्या लांबींवर साधारण सारखेच निकाल आले, तर त्यांतील मधली एक घ्यावी. १७ वर उत्तम आणि १५ व २० वर निकामी असे दिसले, तर ते जुन्या आकड्यांना चिकटलेले योगायोगाचे उत्तर आहे. ते वापरू नये. यादीतील पहिल्या दोन तृतीयांश सौद्यांवर लांबी ठरवून उरलेल्या सौद्यांवर ती एकदाच तपासणे, हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग आहे. उरलेल्या भागावर निकाल आवडला नाही म्हणून लांबी बदलून पुन्हा तपासली, की तो भागही वापरून संपला असे समजावे.

प्रत्यक्ष चालवताना

कर्व्ह सरासरीखाली गेली तेव्हा एखादा सौदा उघडा असेल, तर तो सिस्टिमच्या नियमाप्रमाणेच बंद होऊ द्यावा. चाळणी फक्त नव्या प्रवेशावर लागू होते. त्याचप्रमाणे कागदी कर्व्ह वर आली त्या दिवशी कागदावर एखादा सौदा चालू असेल, तर त्यात मधूनच शिरू नये. पुढच्या नव्या सिग्नलची वाट पाहावी. मध्येच शिरणाऱ्याचा स्टॉप लॉस लांब असतो, निकाल कागदी वहीशी जुळत नाही आणि ज्या आकड्यांवर परीक्षा केली ती पद्धतच उरत नाही.

ट्रेंडवर चालणाऱ्या सिस्टिममध्ये सर्वांत मोठा धोका याच वळणावर असतो. अशा सिस्टिमचा वर्षाचा नफा बहुधा दोन-तीन मोठ्या सौद्यांतून येतो आणि मोठी हालचाल पुष्कळदा लांबलेल्या मंदगती बाजारानंतर, म्हणजे तोट्यांच्या रांगेनंतरच सुरू होते. २०२३ मध्ये हळदीत आली तशी तेजी कागदी वहीत लिहिली गेली आणि खऱ्या वहीत नाही, तर नंतरच्या अनेक गाळलेल्या तोट्यांनीही तो खड्डा भरत नाही. म्हणून परीक्षा करताना एक गोष्ट आवर्जून पाहावी: आपल्या यादीतील सर्वांत मोठ्या पाच नफ्यांपैकी किती सौदे चाळणीने गाळले. त्यांतील दोन जरी गेले असतील, तर बाकीचे आकडे कितीही चांगले दिसोत, मी पूर्ण थांबण्याचा मार्ग सोडून देईन.

त्याऐवजी अर्धे करण्याचा मार्ग आहे. कर्व्ह सरासरीच्या वर असताना दोन लॉट आणि खाली असताना एक लॉट, असे ठेवले तर लॉटमागे हिशेब करता पहिल्या नमुन्यात ४२ ऐवजी ३७ हजार मिळतात, आणि दुसऱ्यात उणे ६ ऐवजी अधिक १३ हजार. चांगल्या क्रमातला लाभ अर्धा होतो, पण वाईट क्रमातही सिस्टिम नफ्यात राहते. ज्याचे भांडवल एकाच लॉटपुरते आहे त्याला हा पर्याय उपलब्ध नाही. त्याने दुसऱ्या लॉटची सोय होईपर्यंत चाळणी फक्त कागदावर चालवावी आणि सौदे सगळे करावेत, असे माझे मत आहे.

शेवटचा प्रश्न कागदी कर्व्ह कितीतरी महिने वरच न आल्यास काय करायचे हा. चाळणी यावर काही सांगत नाही. तिच्या दृष्टीने दोन महिन्यांची विश्रांती आणि मोडलेली सिस्टिम सारखीच दिसते. त्यासाठी वेगळी मर्यादा आधीच ठरवावी लागते. पिसलेल्या हजार क्रमांवर चाळणीशिवाय प्रत्येक वेळी सर्वांत मोठी घसरण किती झाली ते मोजून ठेवावे, त्यांतील मोठ्या घसरणींच्या पन्नास क्रमांना बाजूला काढावे आणि त्या पन्नासांत जी सर्वांत लहान घसरण असेल तो आकडा कागदी वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. कागदी कर्व्हची घसरण त्या आकड्यापलीकडे गेली, तर कर्व्ह पुढे सरासरीच्या वर आली तरी सौदे सुरू न करता आधी नियम पुन्हा तपासावेत: करारात, मार्जिनमध्ये किंवा उलाढालीत असे काही बदलले आहे का, ज्यामुळे जुने आकडे या बाजाराचे राहिलेले नाहीत.